तारीख कुठून आली?

श्रोतेहो, गणपतीपुळ्याच्या एका शाळेत इतिहासाचं प्रदर्शन भरलं होतं. स्वागताचं चार मिनिटांचं भाषण माझ्याकडे होतं. विषय फळ्यावर लिहिला होता, ‘तारीख कुठून आली?’ मुलांना जे सांगितलं, तेच इथे सांगतो.

मुलांनो, तुमचं स्वागत. इथून जवळच्या मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर तुम्ही पाहिलं आहे. कृष्णाजी केशव दामले त्या घरात कधी जन्मले? पुस्तकं उघडाल तर दोन तारखा सापडतील : 15 मार्च 1866 आणि 7 ऑक्टोबर 1866. साल तर एकच आहे, मग वाद कसला, असं वाटेल. पण त्या काळी घरात जन्माची नोंद तिथीने आणि शकाने होई. शकाचं वर्ष गुढीपाडव्याला बदलतं, आणि 1866 साली पाडवा 15 मार्चनंतर आला. म्हणजे पहिली तारीख शके 1787 मधली, दुसरी शके 1788 मधली. कागदावर नुसता शक सापडला, तरी दोहोंपैकी एक तारीख गळते.

मात्र हिशेबात एक खोच आहे. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, हे पाडव्यापासून डिसेंबरअखेर खरं. जानेवारी ते पाडवा 79 मिळवावे लागतात. फाल्गुनातल्या 1787 मध्ये 78 मिळवलेत, तर उत्तर 1865 येईल आणि कवी एक वर्षाने मोठा होईल! म्हणून आधी महिना पाहायचा, मग बेरीज.

आता माझीच गोष्ट. माझ्या दाखल्यावर 1 जून 1967 आहे. वर्गातल्या निम्म्या पोरांचा वाढदिवस 1 जूनच. शाळेत घालताना गुरुजी तीच तारीख टाकत. आई मात्र म्हणायची, ‘तू ईद-ए-मिलादच्या दुसऱ्या दिवशीचा, मिरगाचा पाऊस नुकता लागला होता.’ हिजरी वर्ष चंद्राचं, सुमारे अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे ईद दरवर्षी तेवढी अलीकडे सरकते. 1967 मध्ये मिलाद 20 जूनच्या आसपास होती, 1968 मध्ये 9 जूनच्या. मिरग निघतो 7-8 जूनला. तेव्हा आईचं बोलणं 1968 शी जुळतं. पण 1967 चा पाऊस पंधरा दिवस उशिरा आला असेल, तर तेही साल जुळेल. म्हणून मी अजून दोन्ही साली अर्धा-अर्धा आहे.

आतल्या टेबलांवर तुम्ही घरून आणलेल्या वस्तू मांडल्या आहेत : जुनी पत्रिका, खताची पावती, आजीचं रेशनकार्ड, मशिदीच्या दगडाचा फोटो. प्रत्येकीखाली तारीख आहे. ती कोणी लिहिली, घटना घडली तेव्हाच की नंतर आठवून, कोणत्या पंचांगाने, हे तीन प्रश्न त्या-त्या मुलाला विचारा. उत्तर येत नसेल तर चिठ्ठीवर तारखेपुढे प्रश्नचिन्ह काढू द्या. बाईंनी त्यासाठी लाल खडू ठेवला आहे. चला, आत या, चपला बाहेर.