आभार कुणाचे, कशासाठी?

गावातल्या शाळेच्या छपरासाठी वर्गणी काढली, पैसे जमले, काम झालं. आता आभाराचा मजकूर लिहायचा. बहुतेक वेळा तो असा उतरतो : ‘आपण सढळ हाताने केलेल्या मदतीमुळेच हे कार्य सिद्धीस गेले. ज्ञात-अज्ञात सर्व हितचिंतकांचे मनःपूर्वक आभार. यापुढेही असेच सहकार्य लाभो.’

यात खोटं काहीच नाही. पण ‘कार्य’च्या जागी रक्तदान शिबिर धरा किंवा मंदिराचा जीर्णोद्धार, एकही शब्द बदलावा लागत नाही. म्हणजे हा मजकूर या देणगीदारांसाठी लिहिलेलाच नाही. ‘मनःपूर्वक’च्या जागी ‘अंतःकरणाच्या गाभ्यातून’ लिहिलं की तो आणखी पोकळ वाटतो, कारण विशेषण वाढतं, माहिती वाढत नाही.

म्हणून नव्यानं लिहायला बसताना आधी वर्गणीची वही आणि खर्चाची बिलं समोर घ्यावीत. समजा, १ लाख ४० हजार हवे होते आणि १ लाख २६ हजार जमले. मग मजकूर असा होईल :

‘तुमच्या १ लाख २६ हजार रुपयांतून तिसरी आणि चौथीच्या वर्गांवरचे सगळे पत्रे बदलून झाले. परवाच्या पावसात पोरं बाकं न सरकवता जागच्या जागी बसली होती. १४ हजार कमी पडल्यामुळे व्हरांडा राहिला आहे. वेल्डरदादांनी दोन दिवसांची मजुरी घेतली नाही. ती धरली असती तर चौथीचा वर्गही अर्धा राहिला असता. आठवडी बाजारात भाजीवाल्या मावश्यांनी डब्यात टाकलेल्या सुट्या पैशांचे २ हजार ३०० रुपये झाले. तुम्हा सगळ्यांचे आभार.’

इथे ‘आभार’ शेवटी एकदाच येतं आणि तेवढं पुरतं, कारण पैशाचं काय झालं हे देणाऱ्याला आधीच दिसलेलं असतं. राहिलेल्या व्हरांड्याचा उल्लेख गाळण्याचा मोह होतो, पण तो ठेवावाच. कमी पडलेलं सांगितलं की झालेल्यावरही विश्वास बसतो. मात्र त्याला लागूनच ‘उरलेल्यासाठी हातभार लावा’ लिहिलं, तर वरचे आभार म्हणजे पुढच्या वर्गणीची प्रस्तावना ठरते. ते आवाहन काही आठवड्यांनी, वेगळं करावं. पावत्यांची सूचनाही वेगळीच पाठवावी.

नावांची यादी हा सगळ्यात नाजूक भाग. रकमेच्या उतरत्या क्रमानं नावं छापली की पन्नास रुपये देणारी बाई तळाला जाते, आणि तिच्यासाठी ते पन्नास अर्ध्या दिवसाची कमाई असू शकते. यादी द्यायचीच तर आडनावांच्या अकारविल्हे द्यावी, रकमेशिवाय, आणि ज्यांना नाव नको आहे त्यांना आधी विचारून वगळावं. ज्यांनी वेळ दिला, घरोघर फिरून वर्गणी गोळा केली, त्यांना शक्य तर निरोप न पाठवता फोन करावा.