भाडं एकदम सात हजारांनी वाढतं तेव्हा

एप्रिलच्या मध्याला घरमालकाचा निरोप येतो: ‘अ‍ॅग्रीमेंट ३१ मेला संपतंय. नवीन अ‍ॅग्रीमेंटपासून भाडं ३१ हजार करावं लागेल. आजूबाजूला ३२ चाललंय.’ सध्याचं भाडं २४ हजार. पुण्यात कोथरूडसारख्या भागात, लिफ्ट नसलेल्या जुन्या सोसायटीतला ६५० चौरस फूट कार्पेटचा टू बीएचके, असं चित्र डोळ्यांसमोर आणावं. घर आणि आकडे इथे समजण्यापुरतेच घेतले आहेत, पण असे निरोप भाड्याने राहणाऱ्यांना नवे नाहीत. वाढ २९ टक्क्यांची. उत्तर काय द्यायचं?

बहुतेकांचा पहिला विचार कायद्याकडे वळतो. ‘वर्षाला चार टक्क्यांपेक्षा जास्त भाडं वाढवता येत नाही’ हे कुणाकडून तरी ऐकलेलं असतं आणि ते पत्रात ठोकून द्यावंसं वाटतं. चार टक्क्यांचा नियम खरा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ११ मध्ये तो आहे. पण तो या कायद्याचं संरक्षण असलेल्या भाडेकरूंसाठी आहे, म्हणजे प्रामुख्याने वाड्या-चाळींमधल्या जुन्या भाडेकरूंसाठी. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा माणूस बोलताना स्वतःला भाडेकरू म्हणवतो, कायद्याच्या नजरेत मात्र तो परवानाधारक असतो. जागा वापरण्याची त्याला ठरावीक मुदतीपुरती परवानगी आहे, एवढंच. नव्या करारात मालकाने किती रक्कम मागावी यावर त्याच्या बाबतीत मर्यादा नाही. पत्रात चार टक्क्यांचा दाखला दिला तर मालकाचा वकील एका वाक्यात तो खोडून काढेल, आणि पत्रातल्या बाकीच्या खऱ्या मुद्द्यांचंही वजन जाईल.

उलट याच कायद्याचं कलम २४ मालकाच्या बाजूने कडक आहे. राहत्या घराच्या परवान्याची मुदत संपूनही माणूस घर सोडत नसेल, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. त्यामुळे ‘भाडं ठरेपर्यंत राहू, मग बघू’ हा बेत महागात पडतो. ३१ मेनंतर या घरासाठी महिना ४८ हजारांचं देणं डोक्यावर बसू शकतं. बोलणी त्याआधीच मिटायला हवीत.

याला एक मोठा अपवाद आहे, म्हणून आधी अ‍ॅग्रीमेंट काढून नीट वाचावं. करार २४ किंवा ३६ महिन्यांचा असेल आणि त्यात ‘दर अकरा महिन्यांनी पाच टक्के वाढ’ असं लिहिलं असेल, तर मुदत चालू असताना मालकाला परस्पर २९ टक्के मागता येत नाहीत. तेव्हा तुलनेची गरजच नाही. कलमाचा क्रमांक देऊन दोन ओळी लिहिल्या की झालं. आपल्या उदाहरणातला करार मात्र अकरा महिन्यांचा आहे आणि तो संपतो आहे.

म्हणजे या पत्राला कायद्याचा आधार जवळजवळ नाही. ते चालतं ते शेजारच्या भाड्यांच्या जोरावर.

मालकाचा ३२ हजारांचा आकडा बहुधा घरांच्या जाहिरातींमधून आलेला असतो. जाहिरातीतलं भाडं ही मागणी असते, ठरलेला सौदा नसतो. तीच जाहिरात महिनाभर तशीच दिसत असेल तर त्या भाड्याला गिऱ्हाईक मिळालेलं नाही, हे उघड आहे. म्हणून शोधायची ती गेल्या तीन-चार महिन्यांत प्रत्यक्ष ठरलेली भाडी. ती वॉचमनला ठाऊक असतात, नुकत्याच राहायला आलेल्या कुटुंबाला विचारता येतात, आणि भागातला एजंट ‘मला घर बघायचंय’ म्हटलं की दोन मिनिटांत सांगतो. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये नोंदवलेल्या दस्तांची इंडेक्स-२ शोधता येते, पण शेजाऱ्यांशी पाच मिनिटं बोलणं सहसा जास्त कामाला येतं.

समजा, अशी चार घरं सापडली. त्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, तेवढ्याच क्षेत्रफळाचं घर फेब्रुवारीत २६ हजारांना गेलं. शेजारच्या, लिफ्ट असलेल्या इमारतीतलं ७०० फुटांचं घर साडेसत्तावीस हजारांना. मागच्या गल्लीतलं ६०० फुटांचं, जरा जुनं घर २३ हजारांना. आणि मालकाने बोट दाखवलेली ती ३२ हजारांची जाहिरात: ७८० फूट, मॉड्युलर किचन, दोन एसी, झाकलेलं पार्किंग.

नुसती भाडी शेजारी मांडून काही कळत नाही. प्रत्येक आकड्याला कार्पेट क्षेत्रफळाने भागलं की घरं एका मापात येतात. त्याच इमारतीतलं घर फुटाला ४० रुपये पडतं, लिफ्टवालं साधारण ३९, मागच्या गल्लीतलं ३८, आणि एसी असलेलं जाहिरातीतलं घरसुद्धा ४१. मालकाची मागणी मात्र फुटाला जवळपास ४८ रुपयांची आहे. इथे एकच काळजी घ्यायची. एकाचं कार्पेट आणि दुसऱ्याचं बिल्ट-अप किंवा सुपर बिल्ट-अप मापलं तर सगळा हिशेब फसतो, आणि एजंट बऱ्याचदा मोठा आकडाच सांगतात. मेंटेनन्स भाड्यात धरलेला आहे की वेगळा, हेही प्रत्येक घरासाठी विचारून घ्यावं. डिपॉझिटमध्ये मोठा फरक असेल तर त्याचाही हिशेब धरावा लागतो. पन्नास हजार जास्त डिपॉझिट म्हणजे सात टक्के व्याजाने मालकाला महिन्याला तीनशेच्या आतबाहेर मिळाले.

आता अवघड भाग. हीच तुलना राहणाऱ्याच्याही विरुद्ध बोलते. त्याचं सध्याचं भाडं फुटाला ३७ रुपयेसुद्धा नाही, चारही घरांपेक्षा कमी. ३८ ते ४१ रुपयांच्या दराने या घराचं भाडं २५ हजारांपासून साडेसव्वीस हजारांच्या थोडं पुढे जातं. म्हणजे वाढ मागण्यात मालकाचं चुकत नाही, तो किती मागतोय तिथे चुकतंय. जे पत्र हे कबूल करतं तेच वाचलं जातं. ‘२४ च्या वर एक रुपया देणार नाही’ म्हणणारं पत्र वाचून मालक सरळ एजंटला फोन लावतो.

पत्राचं वळणही महत्त्वाचं. पुण्यात घरमालक बऱ्याचदा निवृत्त गृहस्थ असतात आणि राहणारे त्यांना काका म्हणतात. अशा नात्यात ‘विषय: अवाजवी भाडेवाढीस हरकत’ असं लिहिलं तर पहिल्याच ओळीत भांडण सुरू होतं. हे असं लिहिता येतं:

‘ती. काकांना सप्रेम नमस्कार. नवीन अ‍ॅग्रीमेंटबद्दलचा तुमचा निरोप मिळाला. अकरा महिन्यांत भाडं एकदाही उशिरा गेलेलं नाही आणि घर नीट ठेवलं आहे, हे तुम्ही पाहिलंच आहे. आम्हाला इथेच राहायचं आहे.

भाडं वाढायला हवं, हे मान्य आहे. पण ३१ हजार या घरासाठी जास्त वाटतात. आपल्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, एवढाच मोठा, फेब्रुवारीत २६ हजारांना गेला. शेजारच्या इमारतीत ७०० फुटांचं घर लिफ्टसह साडेसत्तावीसला आहे. मागच्या गल्लीत ६०० फुटांचं २३ ला. ३२ हजारांचं जे घर आहे ते ७८० फुटांचं, दोन एसी आणि पार्किंगसह आहे, आणि ते अजून रिकामं आहे. कार्पेटच्या हिशेबाने आपल्या घराचं भाडं २५ ते साडेसव्वीस हजारांच्या आसपास येतं.

आम्ही १ जूनपासून २६ हजार देऊ. तुम्हाला चालत असेल तर अकराऐवजी बावीस महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट करू, दुसऱ्या अकरा महिन्यांसाठी पाच टक्के वाढ त्यातच लिहू. बाथरूमच्या भिंतीची ओल या महिन्यात बघून घेतली तर बरं होईल. ५ मेपर्यंत कळवावं, म्हणजे नाही जमलं तर आम्हालाही घर शोधायला वेळ मिळेल.’

शेवटची तारीख ही धमकी नाही. पण घर रिकामं होऊ शकतं, हे काकांना त्यातून कळतं, आणि त्याचा हिशेब ते स्वतःच करतात. नव्या माणसाकडून २७ हजार मिळाले तरी २६ च्या तुलनेत अकरा महिन्यांत अकरा हजारच जास्त येणार. त्यासाठी घर एक महिना बंद राहिलं तर २६ हजार गेले, शिवाय रंगकाम आलं. ३१ हजार खरंच मिळणार असतील तर गणित मालकाच्या बाजूला झुकतं, अकरा महिन्यांत ५५ हजारांनी. म्हणूनच ३१ मिळणार नाहीत हे दाखवणारी चार घरं पत्राचा कणा आहेत.

मालकाच्या हातातही पत्ते असतात. शाळा जूनमध्ये सुरू होतात, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये घर शोधणारी कुटुंबं भरपूर असतात. घर बदलायचं म्हणजे एजंटला एका महिन्याचं भाडं, टेम्पोचा खर्च आणि मुलांच्या स्कूलबसची नवी जुळवाजुळव, हे त्यालाही ठाऊक असतं. हाच निरोप ऑक्टोबरमध्ये आला असता तर राहणाऱ्याला जास्त ताणून धरता आलं असतं. मेमध्ये हजार-पाचशे सोडायची तयारी ठेवावी लागते.

अशा पत्राचं उत्तर बहुधा फोनवरच येतं. काका २८ म्हणतात, मग साडेसत्तावीस, आणि साडेसव्वीसवर थांबतात. ओल ते स्वतःच्या खर्चाने काढून देणार, करार बावीस महिन्यांचा. फोन ठेवल्यावर लगेच हे सगळं मेसेजमध्ये लिहून पाठवावं: रक्कम, डिपॉझिट तेवढंच राहणार, दुरुस्ती कोण करणार, मधली वाढ किती.

मग नोंदणी. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी कलम ५५ नुसार मालकावर आहे, आणि तो नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल राहणारा जे सांगेल तेच खरं धरलं जातं. तसं नाही हे मालकाला सिद्ध करावं लागतं. खर्च मोठा नाही. पहिले अकरा महिने साडेसव्वीस हजार, पुढचे अकरा २७,८२५ आणि डिपॉझिट ७५ हजार धरलं, तर एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं वार्षिक दहा टक्के धरलेलं व्याज यांच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क लागतं. ते साधारण दीड हजार रुपये होतं. शहरात नोंदणी फी आणखी एक हजार. एजंटची किंवा घरी येऊन अंगठे घेणाऱ्याची फी वेगळी, आणि हा खर्च निम्मा-निम्मा की एकानेच, हेही त्याच फोनवर ठरवून घ्यावं.