तांबडा वर, जांभळा खाली

पावसाळ्यात शाळेच्या परिपाठात इंद्रधनुष्यावर चार मिनिटं बोलायचं असेल, तर मी असं बोलेन.

मुलांनो, तानापिहिनिपाजा तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. पण तांबडा वरच का आणि जांभळा खालीच का?

आधी पावसाचा एकच थेंब डोळ्यांसमोर आणा. तो जवळजवळ गोल असतो. सूर्यकिरण त्यात शिरताना वाकतो, थेंबाच्या मागच्या भिंतीवरून परत फिरतो आणि बाहेर पडताना पुन्हा वाकतो. पांढऱ्या उन्हात सगळे रंग मिसळलेले असतात, पण पाणी प्रत्येक रंगाला वेगळं वाकवतं: तांबड्याला सर्वांत कमी, जांभळ्याला सर्वांत जास्त. त्यामुळे सूर्यकिरणांच्या दिशेशी तांबडा साधारण ४२ अंशांचा कोन करून परततो, तर जांभळा ४० अंशांचा. थेंब लहान असो वा मोठा, हे कोन जवळपास तेच राहतात.

आता खरी गंमत. एका थेंबातून सगळे रंग निघतात, पण तुमच्या डोळ्यात त्यातला एकच शिरतो. उंचावरच्या थेंबातून तांबडा जास्त तिरका खाली उतरतो आणि डोळ्यात येतो. त्याच थेंबाचा जांभळा तुमच्या डोक्यावरून निघून जातो. खालच्या थेंबाचं उलटं होतं. त्याचा जांभळा डोळ्यात येतो आणि तांबडा पायाशी पडतो. मधल्या थेंबांतून मधले रंग येतात. थेंब पडतच असतात, पण एक खाली सरकला की दुसरा त्याची जागा घेतो, म्हणून पट्टे जागच्या जागी दिसतात. तुमच्या शेजारच्या मुलाला रंग दिसतात ते दुसऱ्याच थेंबांतून.

कधीकधी वर दुसरं, फिकट धनुष्य दिसतं. त्यात किरण थेंबाच्या आत दोनदा परततो, म्हणून क्रम उलटा होतो: जांभळा वर, तांबडा खाली. दोन धनुष्यांमधलं आभाळ जरा काळपट असतं, तेही नीट बघा.

फ्रान्सच्या देकार्तनं १६३७ मध्ये हा कोन गणितानं काढून दाखवला. रंग वेगळे का होतात, ते पुढे न्यूटननं लोलकातून उलगडलं.

तुम्हीही ताडून बघा. सूर्याकडे पाठ करा. तुमच्या सावलीचं डोकं हा धनुष्याचा मध्य. हात लांब करून तिथून साधारण दोन विती मोजा, धनुष्य तिथंच सापडेल. सूर्य ४२ अंशांहून वर गेला, तर सपाट जमिनीवरून आभाळात धनुष्य दिसत नाही. म्हणून आपल्याकडे पावसाळ्यात सकाळी साधारण नवापर्यंत पश्चिमेला आणि दुपारी चारनंतर पूर्वेला नजर ठेवा.