फेरिटीन नॉर्मल, तरी लोह कमी

रिपोर्टवर फेरिटीनचा आकडा 86. शेजारी लॅबने छापलेली मर्यादा 13 ते 150. आकडा मर्यादेत, म्हणून ना ठळक अक्षरं, ना पुढे चांदणी. नातेवाईक कागद घडी घालून फाइलमध्ये ठेवतात, आणि घाईच्या राउंडमध्ये एखादा डॉक्टरही ‘लोह ठीक आहे’ म्हणून पुढच्या खाटेकडे वळतो. खाटेवरची बाई 58 वर्षांची. जुना संधिवात, आता न्यूमोनिया होऊन दाखल झालेली. हिमोग्लोबिन 8.4. तिच्या शरीरातलं लोह जवळजवळ संपलेलं आहे. (ही रुग्ण विषय समजावा म्हणून रचलेली, आकडे मात्र कुठल्याही मेडिसिन वॉर्डात दिसतात तसेच.)

हिमोग्लोबिन कमी असणं म्हणजे ॲनिमिया. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापात पुरुषांत 13 च्या खाली आणि गरोदर नसलेल्या स्त्रियांत 12 च्या खाली. पण हा आकडा रक्त कमी आहे एवढंच सांगतो, का कमी आहे ते सांगत नाही. शिवाय तो उशिरा पडतो: साठवलेलं लोह आधी संपतं, हिमोग्लोबिन मागाहून उतरतं.

वॉर्डात ‘का’ची दोन उत्तरं सगळ्यात जास्त भेटतात. एक, लोहाची खरी कमतरता: पाळीतला जास्त रक्तस्राव, मूळव्याध, जठरातला व्रण, अपुरा आहार. दुसरं, दीर्घकाळच्या दाहामुळे येणारा ॲनिमिया: संधिवात, क्षय, मूत्रपिंडाचे विकार, कर्करोग. या दुसऱ्या प्रकारात शरीरात लोह असतं, पण हाताला लागत नाही.

ते का, हे 2000 च्या सुमारास हेपसिडिन या संप्रेरकाचा शोध लागल्यावर स्पष्ट झालं. आपल्याला नव्या रक्तासाठी रोज साधारण 20 ते 25 मिलिग्रॅम लोह लागतं. त्यातलं जेवणातून जेमतेम 1-2 मिलिग्रॅम येतं. बाकीचं जुन्या लाल पेशी मोडून परत वापरलं जातं. हे मोडकामाचं लोह ज्या पेशींच्या पोटात असतं, त्यांच्या बाहेर पडण्याच्या दारांना दाह सुरू होताच यकृतातून आलेलं हेपसिडिन कुलूप घालतं. आतड्यातलं दारही त्याच वेळी बंद होतं. जंतूंनाही वाढायला लोह लागतं, त्यामुळे संसर्गाच्या वेळी ही नाकेबंदी उपयोगाची असावी. वर्षानुवर्षं दाह राहिला की मात्र अस्थिमज्जा उपाशी राहते.

आता फेरिटीनकडे. फेरिटीन म्हणजे लोह साठवणारं प्रथिन. रक्तातल्या त्याच्या पातळीवरून साठ्याचा अंदाज येतो. ते कमी आलं तर शंकेला जागा फारशी उरत नाही. 30 च्या खालचा आकडा म्हणजे लोहाची कमतरता, मग रुग्णाला आणखी काहीही झालेलं असो. घोटाळा वरच्या बाजूला होतो, कारण दाहात फेरिटीन आपोआप वाढतं, साठा असो वा नसो. लॅबची छापील मर्यादा निरोगी माणसांवरून ठरवलेली असते; न्यूमोनियाच्या रुग्णाला ती लावणं चूकच. जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढांसाठी 15 ची रेषा धरते, पण संसर्ग किंवा दाह असेल तर तीच 70 वर नेते. रुग्णालयात बरेच डॉक्टर 100 पर्यंत संशय सोडत नाहीत. आपल्या बाईचे 86 नेमके या दोन रेषांच्या मध्ये अडकलेत. एकट्या फेरिटीनवर निकाल लागत नाही.

म्हणून रिपोर्टवरच्या पुढच्या ओळी वाचायच्या. ट्रान्सफेरीन हे लोह वाहून नेणारं प्रथिन. रस्त्यावर किती टेम्पो आहेत ते टीआयबीसीवरून कळतं, आणि त्यातले किती भरलेले आहेत ते ट्रान्सफेरीन सॅच्युरेशनवरून. हिशेब सोपा: सीरम आयर्न भागिले टीआयबीसी, गुणिले 100. निरोगी माणसात उत्तर साधारण 20 ते 45 टक्के येतं.

बाईचं सीरम आयर्न 24, टीआयबीसी 290, म्हणजे सॅच्युरेशन सुमारे 8 टक्के. ‘सॅच्युरेशन कमी, म्हणजे लोह कमी’ असं म्हणून थांबण्याचा मोह इथे होतो. पण ते दोन्ही आजारांत कमी होतं. फरक कळतो तो भागाकाराच्या खालच्या आकड्यात. खरी कमतरता असली की यकृत जास्त ट्रान्सफेरीन बनवतं आणि टीआयबीसी 400 च्या पुढेही जातं. दाहात ट्रान्सफेरीन घटतं. एखाद्या क्षयरोग्याचं सीरम आयर्न 32, टीआयबीसी 200 आणि फेरिटीन 480 असेल, तर सॅच्युरेशन 16 टक्के असूनही साठा भरलेला आहे. तिथे आधी क्षयाचे उपचार.

आपल्या बाईचं टीआयबीसी 290 हेही छापील मर्यादेतच. पण तिचं सीआरपी 96 आहे, म्हणजे दाह जोरात आहे. एवढ्या दाहात टीआयबीसी बरंच खाली असायला हवं होतं आणि फेरिटीन कित्येक शेकड्यांत. एकाला दाह वर ढकलतोय आणि कमतरता खाली ओढतेय. दुसऱ्याचं नेमकं उलट. दोन विरुद्ध ओढींची बेरीज होऊन दोन्ही आकडे ‘नॉर्मल’ दिसताहेत. माझ्या मते हा सगळा रिपोर्ट इथेच उलगडतो: दोन्ही आजार एकत्र आहेत.

याला दुजोरा जुन्या फाइलमधून मिळतो. लाल पेशींचा सरासरी आकार, एमसीव्ही, आज 72 आहे. तीन वर्षांपूर्वी 88 होता. नुसत्या दाहाने पेशी सहसा इतक्या लहान होत नाहीत. थॅलेसेमिया मायनर असता तर त्या तेव्हाही लहान असत्या. आणि सांधे दुखतात म्हणून ती मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणून रोज घेत होती. दुर्बिणीच्या तपासणीत जठरात व्रण सापडला.

हे गणित बिघडवणाऱ्या गोष्टीही आहेत. लोहाची गोळी घेऊन लगेच रक्त दिलं की सीरम आयर्न फुगतं. रक्ताच्या एका पिशवीत 200 मिलिग्रॅमहून अधिक लोह असतं, तेव्हा नमुना पिशवी लावण्याआधी घ्यावा. कुपोषण किंवा यकृताच्या आजारात ट्रान्सफेरीन मुळातच कमी बनतं आणि सॅच्युरेशन खोटंच बरं दिसतं. यकृताला इजा झाली तर फेरिटीन हजारांत जातं, आणि त्याचा साठ्याशी संबंध नसतो.

बाईला रक्त चढवलं नाही. रक्तस्राव सुरू नव्हता, हृदय ठीक होतं, आणि अशा स्थिर रुग्णाला सहसा 7 च्या खाली गेल्यावरच रक्त देतात. वेदनाशामक बंद झालं, व्रणावर औषध सुरू झालं. लोहाच्या गोळ्या तिला फारशा लागू पडल्या नसत्या, कारण आतड्यातलं दार हेपसिडिनने लावलेलं. लोह शिरेतून द्यायचं ठरलं, पण न्यूमोनिया आटोक्यात आल्यावर. संसर्ग जोरात असताना ते टाळतात. त्यानंतर फेरिटीन पुन्हा तपासायची घाई केली नाही, कारण शिरेतून लोह दिल्यावर काही आठवडे ते फसवं वाढलेलं असतं. दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन 10.8, सॅच्युरेशन 24 टक्के. 12 पर्यंत ते पोचलं नाही, आणि आणखी लोह देऊन पोचणारही नव्हतं. उरलेली तूट संधिवाताच्या खात्यातली होती. ती भरून काढायला त्याची औषधं नीट बसवावी लागणार होती.