भाजीच्या ट्रेखालचं पाणी

भाजीच्या ट्रेखाली पाणी साचलं की पहिला संशय बाटलीवर जातो. बाटली तर कोरडीच असते, आणि पुसलेलं पाणी दोन दिवसांत पुन्हा जमतं. हे पाणी येतं चक्क हवेतून! पावसाळ्यातल्या दमट दिवशी एक घनमीटर हवेत 20 ते 25 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. फ्रिजमधल्या 4 अंशांच्या हवेत जेमतेम 6 ग्रॅम मावतं. म्हणजे 250 लिटरच्या फ्रिजमधली सगळी हवा एकदा बदलली, तर छोटा चमचाभर पाणी आत येतं. आणि दार तर दिवसभर उघडत असतं.

फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये ही वाफ फ्रीजरच्या मागच्या पॅनेलआड असलेल्या कॉइलवर बर्फ होऊन बसते. ठरावीक तासांनी कॉम्प्रेसर थांबतो, कॉइलजवळचा हीटर थोडा वेळ तापतो आणि बर्फ वितळतो. ते पाणी खालच्या पन्हळीत उतरतं, भोकातून नळीत जातं आणि फ्रिजच्या पाठीमागे, कॉम्प्रेसरजवळच्या ट्रेमध्ये पडतं. कॉम्प्रेसरच्या उबेनं तिथून त्याची पुन्हा वाफ होते. हवेतून आलेलं पाणी आपल्या नकळत हवेतच परत जातं!

ही नळी बोटाएवढीही जाड नसते. तिच्या तोंडाशी थोडा कचरा अडकला की पाणी रेंगाळतं, आणि शेजारी कॉइल असल्यामुळे गोठून तिथे बर्फाचं बूच बसतं. मग पुढच्या वेळचं पाणी फ्रीजरच्या तळावर पसरतं आणि झिरपत भाजीच्या ट्रेखाली येतं. फ्रीजरच्या तळाशी बर्फाचा सपाट थर आणि भर पावसाळ्यातही पाठीमागचा ट्रे कोरडा, या दोन खुणा एकत्र दिसल्या तर नळीच तुंबलेली आहे असं समजावं.

सगळ्यात सौम्य उपाय म्हणजे वेळ देणं. प्लग काढा, फ्रिज रिकामा करा, दोन्ही दारं रात्रभर उघडी ठेवा, खाली जुने टॉवेल पसरा. बूच आपोआप वितळतं. काही फ्रिजमध्ये भोक खालच्या कप्प्याच्या मागच्या भिंतीवर दिसतं. तिथे सुई काढलेल्या मोठ्या सिरिंजनं कोमट पाणी थोडं थोडं सोडा. उकळतं पाणी नको, प्लास्टिक तडकतं. तार किंवा सुरी तर मुळीच नको: कॉइलची नळी पातळ असते, आणि आजच्या बऱ्याच फ्रिजमधला आर-600ए हा वायू ज्वलनशील आहे.

सोडलेलं पाणी पाठीमागच्या ट्रेमध्ये पोचलं, की वाट मोकळी झाली. भोक दिसत नसेल, तर फ्रिज सुरू केल्यावर एक-दोन दिवसांनी तो ट्रे पाहा. काही आठवड्यांत पुन्हा पाणी साचलं, तर हीटर नीट तापत नसेल किंवा दाराचं रबर हवा आत घेत असेल. मग मात्र पॅनेल मेकॅनिकनंच उघडावं.