‘फौरन’मधला ‘अन्’

हिंदी सिनेमातला इन्स्पेक्टर ‘फौरन’ गाडी काढायला सांगतो, वकील ‘यकीनन’ म्हणतो आणि बातमी देणारा ‘तकरीबन’ने सुरुवात करतो. दुबईहून परतलेला रत्नागिरीचा माणूस आभार मानताना सहज ‘शुक्रन’ म्हणून जातो. या सगळ्या शब्दांच्या शेवटी एकच ‘अन्’ ऐकू येतो. ती शब्दांची सजावट नाही, अरबी भाषेतला विभक्तिप्रत्यय आहे. आपल्या व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर ती द्वितीया.

द्वितीया म्हटली की मराठी शाळेत शिकलेल्याला कर्म आठवते. पण ‘फौरन’मध्ये कर्म कुठे आहे? नेमक्या याच प्रश्नापाशी अरबी व्याकरण शिकणारा विद्यार्थीही अडखळतो. त्याच्यासाठी हे एक वाक्य पाहू:

वकफ्तु अमामल-बाबि साअतन् इज्लालन् लि-मुअल्लिमी.

अर्थ असा : माझ्या गुरुजींबद्दलच्या आदरापोटी मी दारासमोर तासभर उभा राहिलो. ‘वकफ्तु’ म्हणजे मी उभा राहिलो. हे क्रियापद अकर्मक आहे, त्यामुळे वाक्यात कर्म नाही. तरीही द्वितीयेत तीन शब्द आहेत. ‘अमाम’ म्हणजे समोर, ते स्थळ सांगते. ‘साअतन्’ म्हणजे तासभर, तो काळ. ‘इज्लालन्’ म्हणजे आदरापोटी, तो हेतू. मराठीत या तिघांसाठी तीन वेगळ्या तऱ्हा वापरल्या : ‘दारासमोर’मध्ये शब्दयोगी अव्यय, ‘तासभर’मध्ये ‘भर’, ‘आदरापोटी’मध्ये ‘पोटी’. अरबीने तिघांनाही एकाच रांगेत बसवले.

अरबी व्याकरणकारांनी काळ आणि स्थळ सांगणाऱ्या शब्दाला ‘मफऊल फीही’ असे नाव दिले, म्हणजे ज्याच्या आत क्रिया घडली ते. त्याचे दुसरे नाव ‘जर्फ’, आणि जर्फचा साधा अर्थ भांडे. तास हे भांडे, त्यात उभे राहणे ओतलेले. हेतू सांगणाऱ्या शब्दाचे नाव ‘मफऊल लि-अजलिही’, म्हणजे ज्याच्यासाठी क्रिया केली ते. दोन्ही नावांत उत्तराची पहिली पायरी दडलेली आहे. ‘फीही’मध्ये ‘फी’ आहे, म्हणजे ‘मध्ये’. ‘लि-अजलिही’मध्ये ‘लि’ आहे, म्हणजे ‘साठी’. बसऱ्याच्या परंपरेतले व्याकरणकार सांगत की हे दोन्ही शब्द वाक्याच्या अर्थात आहेत, फक्त उच्चारात नाहीत. ते उच्चारले असते तर पुढच्या नामाला षष्ठीसारखी ‘जर्र’ विभक्ती लागली असती. ते गळाले, तेव्हा नाम थेट क्रियापदाच्या ताब्यात आले आणि क्रियापदाने त्याला ‘नस्ब’ म्हणजे द्वितीया दिली.

पण द्वितीयाच का? अरबी नामाला विभक्ती तीनच. कर्ता आणि उद्देश्य यांची ‘रफ्अ’, तिचा स्वर उकार. संबंध आणि शब्दयोगी अव्यय यांची ‘जर्र’, तिचा स्वर इकार. उरली ‘नस्ब’, तिचा स्वर अकार. ज्यावाचून वाक्य उभेच राहत नाही त्याला व्याकरणकार ‘उम्दा’ म्हणजे खांब म्हणत. कर्ता हा खांब. बाकीचे सगळे ‘फज्ला’, म्हणजे वरकड. ‘मी उभा राहिलो’ एवढ्यावर वाक्य पूर्ण होते. किती वेळ, कुठे, कशासाठी हा त्यावरचा ऐवज, आणि त्याला नस्ब.

याला दहाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जज्जाज या व्याकरणकाराने मोठी व्यवहारी पुस्ती जोडली. त्याचा युक्तिवाद इब्न जिन्नीने आपल्या ‘खसाइस’ या ग्रंथात नोंदवला आहे. क्रियापदाला कर्ता एकच असतो, पण मफऊल कितीतरी असू शकतात. उकार उच्चारायला जड, अकार हलका. म्हणून जो एकदाच येतो त्याला जड स्वर दिला आणि जे पुन्हा पुन्हा येतात त्यांना हलका, म्हणजे जिभेवरचे ओझे कमी झाले. आजचा भाषाशास्त्रज्ञ ही मांडणी जशीच्या तशी स्वीकारणार नाही. पण आपल्या वाक्यात उकारान्त कर्ता एकच आहे (तो ‘वकफ्तु’च्या शेवटच्या ‘तु’मध्ये दडला आहे) आणि अकाराचे शब्द तीन आहेत, हे मात्र मोजून पाहता येते.

आता खरी गंमत पुढे आहे. ‘मध्ये’ आणि ‘साठी’ गाळायची मुभा सरसकट नाही. ती कुठे मिळते आणि कुठे नाकारली जाते हे पाहिले, की द्वितीयेमागचे कारण अधिक स्वच्छ दिसते.

आधी काळ. अरबीत काळ सांगणारा कोणताही शब्द जर्फ होऊ शकतो, मग तो ‘क्षणभर’सारखा मोघम असो की ‘शुक्रवारी’सारखा नेमका. ‘साफर्तु यौमल-जुमुअति’, म्हणजे मी शुक्रवारी प्रवास केला. इथे ‘फी’ नसले तरी चालते. स्थळाचे तसे नाही. समोर, मागे, वर, खाली, उजवीकडे, डावीकडे या सहा दिशा चालतात. मैल, फरसख अशी अंतरेही चालतात. पण घर, मशीद, बाजार अशी चार भिंती असलेली जागा आली की ‘फी’ लागतेच. ‘मी घरात बसलो’ हे ‘जलस्तु फिद्-दारि’ असेच म्हणावे लागते. ‘जलस्तुद्-दार’ ही चूक ठरते.

हा भेदभाव कशासाठी? व्याकरणकारांचे उत्तर असे, की क्रियापदाच्या रूपातच काळ असतो. ‘बसलो’ म्हणताच भूतकाळ आला, म्हणून काळाचा कोणताही शब्द क्रियापदाला घरचा वाटतो. स्थळ मात्र क्रियापदाच्या रूपात नसते. क्रिया कुठेतरी घडली, एवढेच मोघमपणे कळते. म्हणून मोघम स्थळ क्रियापद स्वतः पेलते आणि नेमक्या स्थळाला ‘फी’चा आधार लागतो. अपवाद आहेत. ‘मी घरात शिरलो’ हे ‘दखल्तुद्-दार’ असे ‘फी’वाचून म्हणतात, आणि ते जर्फ मानायचे की साधे कर्म, यावर जुन्या पंडितांत बराच वाद झाला.

हेतूच्या अटी याहून कडक आहेत. शब्द क्रियावाचक नाम हवा. तो आदर, भीती, ओढ असा मनातला भाव हवा. शिवाय तो भाव आणि मूळ क्रिया एकाच माणसाची आणि एकाच वेळची हवी. आपल्या वाक्यात उभा राहणारा मी, आदर माझा, आणि तो उभे राहण्याच्याच वेळचा. सगळ्या अटी पुऱ्या होतात, म्हणून ‘इज्लालन्’. आता ‘मी तुपासाठी तुझ्याकडे आलो’ हे वाक्य घ्या. व्याकरणाच्या पुस्तकांतले हे ठरलेले उदाहरण. तूप ही वस्तू, मनातला भाव नव्हे. म्हणून ‘जिअ्तुक लिस्-सम्नि’, ‘लि’ हवाच. ‘उद्या तुझा सत्कार करायचा म्हणून आज आलो’ यातही ‘लि’ हवा, कारण येणे आजचे आणि सत्कार उद्याचा. ‘त्याने माझा सत्कार करावा म्हणून मी आलो’ यातही हवा, कारण येणारा एक आणि सत्कार करणारा दुसरा.

म्हणजे आतली कल्पना एकच. जे क्रियेच्या पोटातच असते त्याला मध्यस्थ लागत नाही, जे बाहेरून येते त्याला लागतो. आदर उभे राहण्याच्या पोटात होता, तूप येण्याच्या बाहेर होते. कूफ्याचे व्याकरणकार तर म्हणत की ‘लि’ गाळल्याचे सोंगच कशाला? आदराने उभे राहणे हा आदर करण्याचाच प्रकार, तेव्हा ‘इज्लालन्’ हे क्रियेचाच पुनरुच्चार करणारे नाम आहे. प्रत्यय दोघांचा एकच, हिशोब मात्र वेगळा.

शिकणाऱ्याची फसगत होते ती दुसऱ्या टोकाला. काळाचा शब्द आणि त्यावर अकार दिसला की तो जर्फ समजतो. ‘उहिब्बु यौमल-जुमुअति’, म्हणजे मला शुक्रवार आवडतो. शब्द तेच, स्वरही तोच. पण इथे ‘मध्ये’ घालून पाहा : ‘मला शुक्रवारमध्ये आवडतो’ हे जमत नाही. आवडण्याची वस्तूच शुक्रवार आहे, म्हणून हे साधे कर्म. आणि ‘शुक्रवार आला’ म्हटले तर तोच दिवस कर्ता होतो आणि त्याला उकार लागतो : ‘जाअ यौमुल-जुमुअति’. हेतूसाठी कसोटी ‘का?’ या प्रश्नाची. उत्तरात तो शब्द एकटा टिकला तर ‘मफऊल लि-अजलिही’.

डोळ्यांनाही थोडी मदत होते. अरबी छापील मजकुरात ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे बहुतेक विभक्ती वाचकाला अर्थावरून ताडाव्या लागतात. ‘अन्’साठी मात्र शब्दाच्या शेवटी बहुधा एक उभा अलिफ जोडतात. ‘इज्लालन्’मध्ये तो दिसतो. ‘साअतन्’मध्ये दिसत नाही, कारण तो शब्द स्त्रीलिंगी गोल ‘ते’ने संपतो. ‘अमाम’मध्येही नाही, कारण पुढे ‘दार’ जोडल्यामुळे ‘न्’ उरलेलाच नाही.

संस्कृत शिकलेल्या मराठी वाचकाला हे सगळे अगदी परके वाटणार नाही. ‘मासम् अधीते’, म्हणजे महिनाभर अभ्यास करतो, यातली द्वितीयाही कर्माची नाही. काळ आणि वाट यांना क्रियेचा अखंड संबंध असेल तर द्वितीया, असे पाणिनीने दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. महिन्यातून दोनदाच पुस्तक उघडले तर ही द्वितीया चालत नाही. अरबीची अट इतकी कडक नाही : ‘लैलन्’ म्हणजे रात्रभर नव्हे, नुसते ‘रात्री’ही चालते. हेतूच्या बाबतीत मात्र वाटा पार फुटतात. संस्कृत त्यासाठी बहुधा चतुर्थीकडे जाते. तिथे आठ विभक्तींत काम वाटून घेता येते, तीन विभक्तींच्या घरात ते नस्बच्या वाट्याला येते.

बोली अरबीने या विभक्ती केव्हाच टाकल्या. कैरोत किंवा दुबईत गप्पा मारणारा माणूस ‘यौमु’ आणि ‘यौम’ असा फरक करत नाही. ‘शुक्रन्’, ‘दाइमन्’ (नेहमी), ‘अबदन्’ (कधीही नाही) असे गोठलेले शब्द तेवढे उरले. यातला ‘शुक्रन्’ हेतूचा किंवा काळाचा नाही, ‘आभार मानतो’ हे क्रियापद गळून मागे राहिलेले त्याचेच नाम आहे. पण नस्बच्याच घराण्यातला. असेच शब्द फारसीतून उर्दूत आणि तिथून हिंदीत आले. प्रवासात ‘अन्’ इतका सवयीचा झाला, की उर्दूने तो ‘अंदाज’ या फारसी शब्दालाही लावून ‘अंदाजन’ केला. हा शब्द मराठीतही आला. आपण त्याला अरबी द्वितीया लावली नाही, तृतीयेचा आपला जुना एकार लावला आणि ‘अंदाजे’ म्हटले.