‘पाच वर्षांपासून’ म्हणजे ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ नव्हे! सिन्स आणि फॉर यात नेमका फरक काय?

‘मी पाच वर्षांपासून इथे काम करतोय.’ हे साधं वाक्य इंग्रजीत सांगायची वेळ आली की अनेक मराठी माणसं म्हणतात, ‘आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स.’ मराठीच्या हिशेबाने वाक्य बरोबर वाटतं, पण इंग्रजीच्या हिशेबाने त्यात दोन चुका आहेत. दोन्हींचं मूळ मराठीतल्या ‘पासून’ या शब्दात आणि त्याच्यासोबत येणाऱ्या वर्तमानकाळात आहे.

एक ‘पासून’, दोन अर्थ

ही दोन वाक्यं पाहा:

मी दोन वाजल्यापासून वाट बघतोय.
मी दोन तासांपासून वाट बघतोय.

मराठीत दोन्हीकडे ‘पासून’ आहे. पण पहिल्या वाक्यात सुरुवात कधी झाली ते सांगितलं आहे, तर दुसऱ्यात किती वेळ गेला ते. इंग्रजीत या दोन गोष्टींसाठी दोन वेगळे शब्द आहेत. सुरुवात सांगायची तर सिन्स आणि कालावधी सांगायचा तर फॉर. म्हणून ‘सिन्स टू ओ’क्लॉक’, पण ‘फॉर टू अवर्स’.

ओळखायची सोपी खूण म्हणजे मराठी वाक्यात ‘पासून’ काढून ‘झाले’ किंवा ‘झाली’ घालून पाहायचं. ‘दोन तास झाले, वाट बघतोय’ हे जमतं, म्हणून फॉर. ‘सोमवार झाला, वाट बघतोय’ हे जमत नाही, म्हणून ‘सिन्स मंडे’. याच न्यायाने ‘खूप दिवसांपासून’ म्हणजे ‘फॉर मेनी डेज’ आणि ‘लहानपणापासून’ म्हणजे ‘सिन्स चाइल्डहुड’.

‘हॅव’ का लागतं?

दुसरी चूक ‘आय अ‍ॅम वर्किंग’ या भागात आहे. मराठीत काम आजही चालू असेल तर सरळ ‘करतोय’ म्हणतात. इंग्रजीचं तसं नाही. पूर्वी सुरू झालेली गोष्ट आजपर्यंत चालू आहे आणि ती किती काळ किंवा कधीपासून चालू आहे हे सांगायचं असेल, तर इंग्रजी प्रेझेंट परफेक्ट वापरते. म्हणजे ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ आणि त्यापुढे क्रियापदाचं तिसरं रूप. हे ‘हॅव’ कालच्या सुरुवातीला आजशी जोडतं.

त्यामुळे बरोबर वाक्य होतं, ‘आय हॅव वर्क्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स.’ काम अजून चालू आहे यावर भर द्यायचा असेल तर ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ जास्त स्पष्ट. मात्र ‘नो’ म्हणजे माहीत असणे, अशा क्रियापदांना ‘आयएनजी’ लावत नाहीत. ‘मी त्याला शाळेपासून ओळखतो’ हे ‘आय हॅव नोन हिम सिन्स स्कूल’ असंच म्हणायचं.

चुकलं तर अर्थ कसा बदलतो?

समजा, एक तरुणी २०२० साली एका कंपनीत रुजू झाली आणि २०२५ मध्ये तिथेच असताना दुसरीकडे मुलाखतीला गेली. ‘सध्याच्या कंपनीत किती वर्षं आहात?’ या प्रश्नावर ती म्हणाली, ‘आय वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स.’ इथे फॉर बरोबर आहे, तरी ऐकणाऱ्याला वाटेल की तिने नोकरी सोडली. पुढचा प्रश्न येईल, ‘का सोडली?’ कारण फॉर कोणत्याही काळासोबत चालतं आणि साध्या भूतकाळासोबत आलं की गोष्ट संपल्याचं सांगतं. ‘आय हॅव बीन वर्किंग देअर सिन्स ट्वेंटी ट्वेंटी’ म्हटलं असतं तर गैरसमज झाला नसता.

असाच घोळ ‘आय अ‍ॅम हिअर फॉर टू डेज’ या वाक्यात होतो. बोलणाऱ्याला ‘मी दोन दिवसांपासून इथे आहे’ असं म्हणायचं असतं. ऐकणारा समजतो, ‘याचा मुक्काम एकूण दोनच दिवसांचा आहे.’ हवं असलेलं वाक्य म्हणजे ‘आय हॅव बीन हिअर फॉर टू डेज.’

सिन्सनंतर वाक्य आलं तर?

‘लग्न झाल्यापासून ती पुण्यात राहते’ यात सुरुवात एका घटनेने सांगितली आहे. इंग्रजीत ती घटना साध्या भूतकाळात येते आणि ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ मुख्य वाक्यात: ‘शी हॅज लिव्ह्ड इन पुणे सिन्स शी गॉट मॅरीड.’ लग्न एकदाच झालं, राहणं अजून चालू आहे. म्हणून ‘हॅज’ फक्त राहण्याला लागतं.